रुजू होण्यापूर्वीचा स्वागत संदेश

नोकरीचा प्रस्ताव उमेदवाराने स्वीकारल्यानंतर आणि तो प्रत्यक्ष कामावर हजर होण्याआधी कंपनीकडून त्याला जे पत्र, ईमेल किंवा व्हॉट्सॲप संदेश जातो, त्याला कार्यालयीन बोलीत 'जॉइनिंग मेल' किंवा 'वेलकम मेल' म्हणतात. तो ऑफर लेटर नव्हे आणि नेमणूकपत्रही नव्हे. पगार, पद, नोटीस कालावधी या अटी त्यात येत नाहीत. कधी यायचे, काय आणायचे आणि अडचण आली तर कोणाला विचारायचे, एवढे तीनच प्रश्न तो मिटवतो. पुढील माहिती खासगी क्षेत्रातील नोकरीला, विशेषतः पुणे, चाकण, भोसरी या पट्ट्यातील कारखाने व कार्यालयांतील पद्धतीला धरून आहे. सरकारी सेवेत रुजू होण्याची रीत वेगळी असते.

हा संदेश साधारण आठ ते दहा दिवस आधी जावा. आदल्या दिवशी गेला, तर कागदांत काही चूक असल्यास ती सुधारायला वेळच उरत नाही. महिनाभर आधी गेला, तर तो इनबॉक्समध्ये खाली जातो आणि जुन्या कंपनीतून सुटण्याची तारीखही बहुधा तोवर पक्की नसते. आठ दिवसांपूर्वीच्या मुख्य संदेशाला आदल्या कामाच्या दिवशी दोन ओळींच्या आठवणीची जोड दिली की पुरते.

तारीख

तारीख लिहिताना वार आणि महिन्याचे नाव अक्षरी हवे. '०३/०८' ही तारीख परदेशी मूळ कंपनी असलेल्या ठिकाणी ८ मार्च अशी वाचली जाऊ शकते. 'सोमवार, ३ ऑगस्ट २०२६' असे लिहिल्यास तो धोका राहत नाही, शिवाय वार आणि तारीख जुळत नसतील तर लिहिणाऱ्यालाच चूक दिसते. महिन्याची पहिली तारीख पगाराच्या हिशेबाला सोयीची म्हणून सरसकट दिली जाते, पण ती सुट्टीची असू शकते. १ मे हा महाराष्ट्र दिन, त्या दिवशी गेटवर आलेल्या माणसाला आत घेणारे कोणी नसते. पिंपरी-चिंचवड व भोसरी भागात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नव्हे, गुरुवारी असते. हे बाहेरगावाहून येणाऱ्याला ठाऊक नसते, म्हणून ते संदेशात सांगावे लागते.

वेळ लिहिताना शिफ्टची वेळ आणि हजर होण्याची वेळ वेगळ्या ठेवाव्यात. पहिली शिफ्ट सकाळी सातला सुरू होत असली, तरी कागदपत्रे तपासणारा माणूस नऊला येत असेल, तर नव्या कर्मचाऱ्याला साडेनऊलाच बोलवावे. सातला आलेला माणूस अडीच तास सुरक्षा केबिनसमोर बसतो.

रुजू होण्याची तारीख भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीतही जाते. आधीच्या कंपनीने नोंदवलेली नोकरी सोडल्याची तारीख आणि नव्या कंपनीतली पहिली तारीख एकमेकींवर चढल्या, तर दोन नोकऱ्या एकाच वेळी चालू असल्यासारख्या दिसतात आणि पुढे निधी नव्या खात्यात वळवताना दावा अडकू शकतो. म्हणून संदेशात एक ओळ असावी : 'आपला आधीच्या कंपनीतील शेवटचा दिवस कोणता, ते या ईमेलच्या उत्तरात कळवा.' ठरलेली तारीख पुढे-मागे झाल्यास ती फोनवर न ठरवता ईमेलवर लिहून बदलावी, नाहीतर ऑफर लेटरमध्ये एक आणि हजेरीत दुसरी तारीख राहते.

कागदपत्रे

कागदांची यादी प्रत्येक कंपनी देते. कोणता कागद कशासाठी हे मात्र फार थोड्या देतात, आणि तिथेच घोळ होतो. आधार कार्ड लागते ते भविष्य निर्वाह निधीचा बारा अंकी यूएएन पडताळण्यासाठी, पॅन लागते ते पगारातून कर कापण्यासाठी, रद्द केलेला धनादेश लागतो तो खाते क्रमांक आणि आयएफएससी चुकू नयेत म्हणून. पॅन दिले नाही, तर करपात्र पगारावर किमान २० टक्के दराने कर कापावा लागतो, हे एका वाक्यात सांगितले की पॅन विसरणारे कमी होतात. मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर कर्मचारी राज्य विमा योजनेसाठी अवलंबून असलेल्या कुटुंबीयांचा तपशीलही लागतो. तो घरी विचारूनच आणता येतो, म्हणून आधी सांगितलेला बरा.

वर्षाच्या मध्यात नोकरी बदलणाऱ्याकडून आधीच्या कंपनीतील त्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाचे आणि कापलेल्या कराचे निवेदन मागवावे. ते न मिळाल्यास नवी कंपनी जणू वर्षाची कमाई आत्ताच सुरू झाली असे धरून कर मोजते. करमुक्त मर्यादेचा आणि खालच्या टप्प्यांचा लाभ दोन्ही ठिकाणी मिळतो, कर कमी कापला जातो आणि विवरणपत्र भरताना कर्मचाऱ्याला मोठी रक्कम एकदम भरावी लागते.

सगळ्यांत जास्त वेळ खाते ते नाव. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असते. आधारवर बहुधा स्वतःचे नाव आधी येते. बँकेत वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर असते. क्रम वेगळा असणे ही फारशी अडचण नाही. अडचण होते ती स्पेलिंगमध्ये किंवा नावाच्या घटकांत फरक असल्यावर. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत हे नेहमी दिसते : प्रमाणपत्रांवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, पॅनवर अजून माहेरचेच, आणि यूएएन पहिल्या नोकरीत माहेरच्या नावाने तयार झालेला. अशा वेळी यूएएनशी आधार किंवा पॅन जुळत नाही आणि निधीची रक्कम भरणे किंवा पुढे काढणे रखडते. निधीच्या नोंदीतील नावाची दुरुस्ती ऑनलाइन मागता येते, पण काही प्रकरणांत कंपनीची मंजुरी व पुरावा लागतो. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र हा तो पुरावा. संदेशात म्हणून साधी विनंती हवी : आधार, पॅन, बँक आणि यूएएन या चारही ठिकाणी आपले नाव कसे आहे, ते जसेच्या तसे लिहून पाठवा. हे चार ओळींचे उत्तर आठ दिवस आधी हाती आले, तर कोणती दुरुस्ती आधी सुरू करायची ते ठरवता येते. पहिल्या पगारापर्यंत सगळे पूर्ण होईलच असे नाही, पण काम तरी सुरू होते.

आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक बंद पडला असेल, तर पडताळणीचा ओटीपी येत नाही. तो क्रमांक आधी बदलून घ्यावा लागतो. हेही आधी विचारावे.

रिलीव्हिंग लेटरबाबत मागणी वाजवी असावी. शुक्रवारी जुनी नोकरी सुटते आणि सोमवारी नवी सुरू होते, तेव्हा ते पत्र हातात नसणे साहजिक आहे, कारण अनेक ठिकाणी ते अखेरचा हिशेब झाल्यावरच मिळते. 'रिलीव्हिंग लेटरशिवाय प्रवेश नाही' असे लिहिल्याने माणूस घाबरतो, तारीख पुढे ढकलतो किंवा दुसरी ऑफर घेतो. राजीनामा मंजूर झाल्याचा ईमेल तूर्त चालेल आणि पत्र मिळताच द्यावे, असे लिहिणे योग्य.

मूळ प्रमाणपत्रे फक्त पडताळणीसाठी पाहिली जातील आणि त्याच वेळी परत मिळतील, हे संदेशात स्पष्ट असलेच पाहिजे. मूळ कागद ठेवून घेण्याची वाईट प्रथा काही ठिकाणी आहे. नव्या माणसाच्या मनात ती भीती असते आणि ती रास्त आहे. प्रती व्हॉट्सॲपवर मागवू नयेत. त्या कंपनीच्या ईमेलवर किंवा पोर्टलवर घ्याव्यात आणि जिथे पूर्ण आधार क्रमांक लागत नाही, तिथे फक्त शेवटचे चार अंक दिसणारे मास्क्ड आधार मागावे.

संपर्क व्यक्ती

'काही शंका असल्यास एचआर विभागाशी संपर्क साधा' हे वाक्य निरुपयोगी आहे. एका माणसाचे नाव, हुद्दा, मोबाइल क्रमांक आणि फोन करण्याची वेळ द्यावी. तो त्या दिवशी रजेवर असल्यास कोण, हेही द्यावे. कागदांबद्दल बोलणारा एचआरचा माणूस आणि पहिल्या दिवशी विभागात घेऊन जाणारा सुपरवायझर वेगळे असतील, तर दोघांची कामे वेगळी सांगावीत. नव्या कर्मचाऱ्याचे नाव सुरक्षा विभागाला आदल्या संध्याकाळी कळवणे, हे संपर्क व्यक्तीचे सर्वांत विसरले जाणारे काम. गेटवरच्या रजिस्टरमध्ये नाव नसेल, तर पहारेकरी नियमाप्रमाणे आत सोडत नाही.

नोकरीच्या नावाने फसवणूक करणारे असेच स्वागत संदेश पाठवून लॅपटॉपची अनामत किंवा प्रशिक्षण शुल्क मागतात. म्हणून खऱ्या संदेशात 'रुजू होण्यासाठी कोणतेही पैसे भरायचे नाहीत, आणि आमचा कोणीही ओटीपी विचारणार नाही' असे लिहावे आणि तो कंपनीच्या स्वतःच्या ईमेल पत्त्यावरूनच पाठवावा.

नमुना

चाकणमधील सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता निरीक्षक म्हणून येणाऱ्या, आधी दुसरीकडे नोकरी केलेल्या व्यक्तीला शुक्रवार, २४ जुलै २०२६ रोजी पाठवायचा संदेश असा होईल :

'नमस्कार, आपण आमच्याकडे येत आहात याचा आनंद आहे. सोमवार, ३ ऑगस्ट २०२६ रोजी सकाळी ९.३० वाजता गेट क्रमांक २ वर या आणि माझे नाव सांगा. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. सोबत आधार, पॅन, रद्द केलेला धनादेश, दहावी व पदविका प्रमाणपत्रे, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, यूएएन आणि दोन फोटो आणा. मूळ कागद पाहून लगेच परत देऊ. रिलीव्हिंग लेटर मिळाले नसेल, तर राजीनामा मंजुरीचा ईमेल चालेल. बुधवार, २९ जुलैपर्यंत या ईमेलला उत्तर देऊन चार गोष्टी कळवा : आधार, पॅन, बँक व यूएएनवरील आपले नाव, आधारशी जोडलेला मोबाइल चालू आहे का, आधीच्या कंपनीतील शेवटचा दिवस, आणि सेफ्टी शूजचा नंबर. कॅमेऱ्याचा फोन गेटवर जमा करावा लागतो. रुजू होण्यासाठी कोणतेही पैसे भरायचे नाहीत. मी सोमवार ते शनिवार, गुरुवार सोडून, १० ते ५ फोनवर उपलब्ध आहे. माझा फोन लागला नाही, तर खाली दिलेल्या दुसऱ्या क्रमांकावर बोला.'

खाली दोघांची नावे, हुद्दे, क्रमांक आणि कारखान्याच्या नकाशाचा दुवा. कंपनीची बस असेल, तर जवळचा थांबा आणि वेळही इथेच. कारखान्यातील कामगारांसाठी हा संदेश मराठीत लिहावा. फक्त कागदांची नावे लोक म्हणतात तशीच ठेवावीत, कारण 'कार्यमुक्ती प्रमाणपत्र' आणा म्हटल्यावर काय आणायचे ते कळत नाही. उत्तर २९ तारखेपर्यंत आले नाही, तर ३१ तारखेला, शुक्रवारी, फोन करावा. गप्प राहिलेला उमेदवार बहुधा येणार नसतो किंवा त्याची जुनी कंपनी त्याला सोडत नसते, आणि दोन्ही गोष्टी सोमवारी सकाळी कळण्यापेक्षा शुक्रवारी कळलेल्या बऱ्या.