सप्तखंडी अंकदर्शकाचे छायाचित्रावरून वाचन

सप्तखंडी अंकदर्शकाचे छायाचित्रावरून वाचन : विजेचे मीटर, वजनकाटे, घड्याळे यांवरील सात खंडांनी बनलेले अंक फोटोत पाहून सारख्या दिसणाऱ्या अंकांची गल्लत न करता उतरवून घेण्याची रीत. व्यवहारात या दर्शकाला सेव्हन सेगमेंट डिस्प्ले म्हणतात. तीन आडवे व चार उभे खंड मिळून 8 चा आकार होतो आणि त्यातले काही विझवून बाकीचे अंक मिळतात. दर्शकावरचे अंक या नोंदीत जसे दिसतात तसेच दिले आहेत.

या रचनेचा जनक कोण, यावर एकमत नाही. अमेरिकेत कार्ल किन्स्ले यांनी १९०३ मध्ये तारायंत्राने पाठवलेली अक्षरे व अंक खंडांच्या रूपात कागदी फितीवर उमटवण्याची पद्धत काढली, म्हणून काही लेखक त्यांच्यापासून सुरुवात करतात. मात्र त्यात उजळणारे-विझणारे काही नव्हते. तो मुद्रणाचा प्रकार होता. फ्रँक वुड यांनी १९०८ मध्ये अर्ज करून मिळवलेल्या एकस्वात प्रकाशित खंड आहेत, पण ते आठ. आठवा खंड तिरपा असून तो 4 काढण्यासाठी होता. म्हणजे काटेकोर अर्थाने दोघांपैकी कोणाचीही रचना आजची नव्हे. दर्शक म्हणजे उजळणारी खूण असे धरल्यास वुड यांचा दावा अधिक सयुक्तिक वाटतो. दिव्यांचे सात खंड असलेला दर्शक १९१० च्या सुमारास एका वीजकेंद्राच्या बाष्पित्र-कक्षातील सूचनाफलकावर वापरला गेल्याचा उल्लेख मिळतो. व्यापक प्रसार मात्र १९७० नंतरचा, एलईडी आणि एलसीडी स्वस्त झाल्यावरचा.

आजच्या नेहमीच्या रूपांत एकाच खंडाच्या फरकाने वेगळ्या होणाऱ्या जोड्या सात आहेत : 0–8, 1–7, 3–9, 5–6, 5–9, 6–8 आणि 8–9. 2 आणि 4 यांना असा जवळचा जोडीदार नाही. म्हणून ‘हा अंक कोणता दिसतो’ असे न पाहता निर्णायक खंड पेटलेला आहे की नाही तेवढेच पाहावे. 0–8 साठी मधला आडवा, 1–7 साठी वरचा आडवा, 3–9 साठी डावीकडचा वरचा उभा, 5–6 आणि 8–9 साठी डावीकडचा खालचा, तर 5–9 आणि 6–8 साठी उजवीकडचा वरचा.

हे गणित सर्व उपकरणांना जसेच्या तसे लागू पडत नाही. ७४४७ या जुन्या, फार वापरल्या गेलेल्या विसंकेतक, म्हणजे कोणते खंड पेटवायचे ते ठरवणाऱ्या, चिपमध्ये 6 ला वरचा आणि 9 ला खालचा आडवा खंड नसतो. नंतरच्या ७४२४७ मध्ये तो असतो. बिनशेपटीचा 9 आणि 4 यांत केवळ वरच्या खंडाचा फरक राहतो. त्यामुळे अनोळखी उपकरणाचा फोटो वाचताना आधी त्याचा 9 कसा आहे हे पाहून ठेवावे.

एलईडी आणि एलसीडी यांच्या चुका उलट्या स्वभावाच्या आहेत. बहुअंकी एलईडी दर्शकात सगळे अंक एकदम पेटलेले नसतात. ते आळीपाळीने इतक्या वेगाने पेटवले जातात की डोळ्याला सलग दिसतात. चार अंकांचा दर्शक सेकंदाला १०० फेऱ्या करत असेल, तर प्रत्येक अंकाच्या वाट्याला अडीच मिलिसेकंद येतात. १/१००० सेकंदाच्या शटरला त्यातले एक-दोन अंकच सापडतात, बाकीच्या जागा काळ्या राहतात. मोबाइल कॅमेरा चित्र ओळीओळीने टिपत असल्याने कधी अंकाचा अर्धाच भाग उजळ येतो. १/५० सेकंदात दोन पूर्ण फेऱ्या बसतात आणि हा दोष बहुधा जातो. पण अंधाऱ्या खोलीत शटर लांबवले की प्रकाश पसरतो, 0 चे पोट भरून 8 होतो आणि दशांश ठिपका शेजारच्या खंडात बुडतो. अशा वेळी उजेड लावावा किंवा कॅमेऱ्याची प्रकाशमात्रा कमी करावी.

एलसीडीत खंड हरवण्यापेक्षा नसलेला खंड दिसण्याची भीती जास्त. समोरून न पाहता तिरप्या कोनातून फोटो काढला की विझलेले खंडही फिकट करडे दिसतात. शिवाय एलसीडी सावकाश बदलते, थंडीत तर आणखीच. अंक बदलण्याच्या क्षणी फोटो निघाला तर जुना व नवा अंक एकमेकांवर पडतात. 3 वर 4 पडला की हुबेहूब 9 होतो, 4 वर 5 पडला तरी 9 च, आणि 6 वर 7 पडला की 8. दोन-तीन सेकंदांनी घेतलेला दुसरा फोटो हा यावरचा साधा उपाय होय.

एक उदाहरण घेऊ. घरगुती मीटरचे मागील रीडिंग 7946 आहे आणि महिन्याचा वापर साधारण शंभर युनिटांच्या आसपास असतो. मीटर उंचावर असल्याने फोटो खालून, तिरपा निघालेला आहे. पहिला अंक 8, दुसरा 0 किंवा 8, तिसरा 3 किंवा 9, चौथा 2 असे दिसते. पहिला अंक 9 असता तर वापर हजाराच्या वर गेला असता, म्हणून 8 नक्की. दुसरा 8 धरल्यास वापर ८८६ किंवा ९४६ युनिट होतो, म्हणून तेथे 0. तिसऱ्या अंकापाशी मात्र हा हिशेब थांबतो, कारण 8032 धरल्यास ८६ आणि 8092 धरल्यास १४६ युनिट, आणि दोन्ही संभवतात. मागील रीडिंग डावीकडच्या अंकांचा निकाल लावते, उजवीकडच्यांचा नाही, ही मर्यादा वाचक बरेचदा विसरतात.

आता निर्णायक खंड डावीकडचा वरचा. पहिला 8 निश्चित असल्याने त्याचा हा खंड पेटलेला आहेच. 2 चा हाच खंड नेहमी विझलेला असतो. म्हणजे पेटलेली आणि विझलेली अशा दोन्ही छटा त्याच फोटोत, त्याच ओळीत मिळतात. तिसऱ्या अंकाचा खंड 2 च्या खंडाइतकाच फिका असेल तर तो 3, आणि रीडिंग 8032. छटा मधलीच निघाली तर अंदाज न बांधता फोटो पुन्हा मागवावा.

वजनकाट्यावर वेगळी मदत मिळते. पट्टीवर e = 5 g असे लिहिलेले असेल आणि काटा वजन पाच-पाच ग्रॅमच्या टप्प्यांनीच दाखवत असेल तर ग्रॅमचा शेवटचा अंक 0 किंवा 5 च असू शकतो, आणि तेथे 0–8 व 5–6 हे दोन्ही संशय उरत नाहीत. e = 2 g असल्यास 0, 6 व 8 तिन्ही शक्य राहतात. घड्याळात मिनिटांच्या दशकात 5 च्या पुढचा अंक येत नाही, त्यामुळे तेथे दिसणारा 8 बहुधा भरून गेलेला 0 असतो.

कायमचा बंद पडलेला खंड एका फोटोवरून ओळखणे अवघड असते. मधला खंड गेला की प्रत्येक 8 चा 0 होतो आणि तो 0 निर्दोष दिसतो. पण त्याच जागी कधीतरी 4 येतो, आणि मधल्या खंडाविना 4 हा कोणताच अंक राहत नाही. अशी अशक्य आकृती एकदा जरी दिसली तरी त्या जागेचे आधीचे 0 संशयास्पद ठरतात. बऱ्याच मीटरांवर अधूनमधून सगळे खंड पेटलेली चाचणी-स्थिती येते आणि अनेक काटे सुरू होताना 0 ते 9 अंक मोजून दाखवतात. तेव्हाचा फोटो जवळ असल्यास हा शोध लागलीच संपतो.

उलटा फोटो आला तर 6 व 9 यांची अदलाबदल होते, 0, 1, 2, 5 आणि 8 तसेच राहतात. अंकांचा उजवीकडचा कल येथे उपयोगी नाही, कारण अर्धे वर्तुळ फिरवल्यावर तो तसाच राहतो. ठिपका अंकाच्या पायाशी आहे की डोक्याशी, हे पाहावे. आरशातील प्रतिमेत मात्र कल डावीकडे जातो, आणि 2 चा 5 झालेला असतो.