‘कांहीं’चं ‘काही’ कोण करतं?

जुन्या पुस्तकाच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि त्यातला मजकूर संगणकाकडून वाचून घ्यायचा आहे. त्यात समजा ही ओळ आहे: ‘घरीं कांहीं धान्य नव्हतें’. १९६२ साली शुद्धलेखनाचे नियम बदलले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीची ही लिहिण्याची रीत.

टेसरॅक्टसारखं ओसीआर इंजिन, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम, आधी फोटोचं निव्वळ काळं-पांढरं करतं, मग ओळी वेगळ्या काढतं आणि एकेक ओळ वाचतं. त्याला ‘घ’ आणि ‘ध’ यांच्यात गफलत होते, कारण फरक डोक्यावरच्या बारीकशा रेघेचाच. म्हणून ते ‘धरीं कांहीं धान्य नव्हतें’ असं वाचू शकतं. व्हिजन-लँग्वेज मॉडेल, म्हणजे चित्र पाहून मजकूर लिहिणारं एआय, चित्राचे चौकोनी तुकडे पाहतं आणि पुढे काय यायला हवं याचा अंदाज बांधत मजकूर लिहीत जातं. त्याने शिकलेली मराठी बहुतांशी आजची, त्यामुळे ते ‘घरी काही धान्य नव्हते’ असं लिहून मोकळं होऊ शकतं.

आता मोजू. मात्रा, अनुस्वार, हलन्त आणि मोकळ्या जागा सुट्या धरल्या तर मूळ ओळीत २५ चिन्हं आहेत. ओसीआरची चूक एक, म्हणजे ४ टक्के. मॉडेलने चार अनुस्वार गाळले, म्हणजे १६ टक्के. वाचणाऱ्याला मात्र मॉडेलचीच ओळ बिनचूक वाटेल! ‘धरीं’ लगेच खटकतं, ‘घरी’ कुणालाच खटकत नाही. अर्थच हवा असेल तर मॉडेलचं वाचन सरस. जुनी प्रत जशीच्या तशी उतरवायची असेल तर तेच घातक.

पण फोटो वाईट असेल तर पारडं फिरतं. पानावर हाताची सावली पडली की काळं-पांढरं करताना तो भागच काळा होऊन जातो, आणि शिवणीजवळ पान वळलं की ओळी एकमेकींत घुसतात. तिथे ओसीआर अक्षरशः कचरा देतं. मॉडेल तेवढ्यावरून अडत नाही, आणि नेमका तिथेच संशय घ्यावा: न दिसलेला शब्द ते सुचेल तसा भरतं, कधी सबंध ओळ गाळतं. साल किंवा रक्कम असेल तर फारच वाईट, कारण चुकीचा आकडाही आकड्यासारखाच दिसतो.

ओसीआर निदान आपली शंका सांगतं.

```
tesseract pan.jpg pan -l mar tsv
```

या आज्ञेने तयार होणाऱ्या फाइलमध्ये प्रत्येक शब्दाची पानावरची जागा आणि १०० पैकी खात्रीचा आकडा मिळतो. आकडा चढा असूनही शब्द चुकीचा निघतो, पण कुठे पाहायचं ते कळतं. मॉडेलच्या साध्या मजकुरात असं काही नसतं. त्याला पारखायचं तर फोटोतला एखादा शब्द पांढऱ्या पट्टीने झाकून पान पुन्हा वाचायला द्यावं. झाकलेल्या जागी शब्द उमटला, तर तो पानावरून आलेला नाही.

मी दोघांकडूनही वाचून घेतो आणि जुळत नाही तेवढंच फोटोशी ताडून पाहतो. अनुस्वारांच्या बाबतीत मात्र पानच पाहावं लागतं, कारण पुसट टिंब दोघांनाही दिसत नाही.