वर्कशीटमागचा इतिहास: सात पूल, आठ अक्षरं आणि अर्धी राहिलेली सिद्धता

ठाण्यात आमच्या डिस्क्रीट मॅथ्सच्या वर्गाला ग्राफ थिअरीची जी वर्कशीट देतो, तिचा क्रम ठरलेला आहे. आधी प्रत्येक शिरोबिंदूची, म्हणजे ठिपक्याची, डिग्री मोजायची, म्हणजे त्याला किती रेषा जोडल्या आहेत ते पाहायचं, मग हस्तांदोलनांची बेरीज करायची आणि शेवटी ऑयलर पाथ, म्हणजे प्रत्येक रेषा एकदाच घेणारी वाट, आहे का ते सांगायचं. मुलांना हे तीन सुटे प्रश्न वाटतात. पण या तिन्ही गोष्टी गणिती लिओनार्ड ऑयलरच्या एकाच लेखात आहेत, आणि तिथे त्या एकमेकींचा हात धरून येतात.

प्रश्न कोनिग्सबर्गचा. प्रशियातलं हे शहर प्रेगेल नदीवर वसलेलं, मध्ये एक बेट, आणि चार भूभागांना जोडणारे सात पूल. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळं शहर फिरता येईल का, असा प्रश्न लोक विचारत. डान्झिगचे महापौर कार्ल एलर यांनी तो पत्रातून ऑयलरपुढे मांडला होता. याचा गणिताशी फारसा संबंध नाही, नुसत्या तर्काने हे सुटतं, अशा अर्थाचं उत्तर ऑयलरने 1736 मध्ये त्यांना लिहिलं. तरीही त्याने त्यावर लेख लिहिलाच. पीटर्सबर्ग अकादमीपुढे तो 1735 मध्ये वाचला गेला. ज्या अंकात तो आला त्यावर 1736 साल आहे, पण अंक प्रत्यक्ष छापून निघाला 1741 मध्ये.

आज फळ्यावर आपण चार ठिपके आणि सात रेषा काढतो. ऑयलरच्या लेखात ते चित्र नाही. त्यात नदीचा नकाशा आहे आणि अक्षरं आहेत. बेट A, दोन काठ B आणि C, पूर्वेकडचा भाग D. A वरून B ला गेलं की AB लिहायचं, तिथून D ला गेलं की ABD. म्हणजे एक पूल ओलांडला की एक अक्षर वाढतं, आणि सात पुलांच्या फेरीत बरोबर आठ अक्षरं यायला हवीत.

पुढची पायरी मला वर्गात सावकाश करून दाखवायला आवडते. A ला पाच पूल आहेत. फेरीच्या मधोमध येणारं प्रत्येक A दोन पूल वापरतं, एक येताना आणि एक जाताना. दोन A नी चार पूल संपले, पाचवा उरला. त्याच्यासाठी आणखी एक A लागणार, आणि ते फेरीच्या एका टोकालाच बसू शकतं. म्हणजे A तीनदा यायलाच हवं. याच हिशेबाने तीन पुलांचे B, C आणि D प्रत्येकी दोनदा. बेरीज 3 + 2 + 2 + 2 = 9. जागा मात्र आठच आहेत. फेरी अशक्य. एकही वाट चालून न पाहता प्रश्न निकालात निघाला. ‘विषम डिग्रीचे शिरोबिंदू दोनपेक्षा जास्त असतील तर पाथ नाही’ ही पाठ केलेली ओळ म्हणजे याच मोजणीचं सार.

हस्तांदोलनाचा नियमही इथूनच निघतो. ऑयलर प्रत्येक भूभागापुढे त्याच्या पुलांची संख्या लिहितो आणि सांगतो, की या आकड्यांची बेरीज एकूण पुलांच्या दुप्पट येणार, कारण प्रत्येक पूल दोन्ही टोकांनी मोजला जातो. इथे 5 + 3 + 3 + 3 = 14. बेरीज सम, म्हणून विषम डिग्रीचे भूभागही सम संख्येनेच असणार. एकच विषम भूभाग असणं शक्य नाही. म्हणून वर्कशीटमध्ये ‘नऊ मुलांपैकी प्रत्येकाने बरोबर तिघांशी हात मिळवला, हे शक्य आहे का?’ हा प्रश्न पुलांच्या आधी ठेवला आहे. नऊ त्रिक सत्तावीस, विषम, म्हणून अशक्य. पुलांच्या गणितात कुणाला एकच विषम शिरोबिंदू सापडला, तर मोजणीत चूक झाली हे त्याला लगेच कळायला हवं.

आता उरलेली अर्धी बाजू. विषम शिरोबिंदू शून्य किंवा दोन असतील तर पाथ असतोच, हे ऑयलरने सांगितलं, पण त्याची पूर्ण सिद्धता दिली नाही. ती दिली जर्मन गणिती कार्ल हिअरहोल्झरने, तब्बल सव्वाशेहून जास्त वर्षांनी. तीही जवळजवळ हरवलीच होती. त्याने ती सहकाऱ्यांना तोंडी सांगितली आणि 1871 मध्ये, कागदावर उतरवण्याआधीच, तो वारला. सहकाऱ्यांनी आठवणीतून ती जुळवली आणि 1873 मध्ये त्याच्या नावाने छापली. सगळ्या डिग्री सम असतानाची कल्पना सोपी आहे. कुठूनही निघा, न वापरलेल्या रेषांवरून चालत राहा. सुरुवातीच्या बिंदूवर परत याल. काही रेषा उरल्या, तर वाटेतल्या ज्या बिंदूवर त्या भेटतात तिथून दुसरी फेरी काढा आणि ती पहिलीत जोडा. ‘वाटेतला बिंदू’ सापडणार तो ग्राफ जोडलेला असेल तरच. उत्तरपत्रिकांत नेमकी हीच अट गळते. दोन सुटे त्रिकोण काढा: सगळ्या डिग्री दोन, पण एका त्रिकोणातून दुसऱ्यात जायला वाटच नाही. ठिपके-रेषांचं ते ओळखीचं चित्र तर आणखी उशिरा, 1892 मध्ये, एका इंग्रजी गणितरंजनाच्या पुस्तकात आलं.

दरम्यान, 1875 मध्ये कोनिग्सबर्गला B आणि C जोडणारा आठवा पूल झाला. आता डिग्री A 5, B 4, C 4, D 3. विषम दोनच, तेव्हा A वरून निघून D ला संपणारी वाट हवी. ही घ्या: ABACADBCD. अक्षरं नऊ, पूल आठ. A तीनदा, बाकीची दोनदोनदा. पूर्वी न बसणारा हिशेब एका पुलाने बसला.

हाच बदल आपल्याकडे ठाण्याच्या खाडीवर झाला, म्हणून शेवटचा प्रश्न तिथला आहे. ठाणे, मुलुंड ते शिवडी हा एक शिरोबिंदू. कळवा, ऐरोली, वाशी ते न्हावा शेवा हा दुसरा. मुलं इथे हमखास ठाणे आणि मुंबई वेगळे ठिपके काढतात, कारण महापालिका वेगळ्या. पण शिरोबिंदू पाण्याने ठरतो, हद्दीने नाही. उल्हास नदीवरचे पूल या प्रश्नात घेतलेले नाहीत, आणि वाशीचे शेजारशेजारचे पूल मिळून एकच ओलांडणी धरली आहे. कळव्यालाही तसंच. हे आधी लिहून द्यावंच लागतं, कारण एक पूल जास्त मोजला की सम-विषम उलटतं.

कळवा, ऐरोली, वाशी या तीन ओलांडण्या धरल्या तर दोन्ही डिग्री तीन. कळव्याहून पलीकडे, ऐरोलीने अलीकडे, वाशीहून पुन्हा पलीकडे: पाथ आहे, पण ठाण्याचा माणूस नवी मुंबईत अडकतो. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू सुरू झाला, दोन्ही डिग्री चार झाल्या, आणि न्हावा शेवाहून शिवडीला उतरून घरी परतता येऊ लागलं. मात्र अटल सेतूवर मोटारसायकलला बंदी आहे. त्यामुळे उपप्रश्न असा: गाडीवाल्याचा आणि बाइकवाल्याचा ग्राफ वेगवेगळा काढा. पहिल्यात फेरी पूर्ण होते; दुसऱ्यात अजूनही 3 आणि 3.