मारबत की बडग्या? जुन्या फोटोतली गर्दी काय सांगते

पोळ्याच्या आसपास नागपूरचे जुने फोटो फिरू लागतात. गर्दीच्या डोक्यांवरून डोकावणारा मिरवणुकीतला एक भलामोठा पुतळा आणि खाली ओळ, "आमच्या वेळची मारबत, ओळखा कुठली!" मग जो तो चौक सांगायला लागतो. इतवारी, गांधीबाग, महाल. बहुतेक जण आपापल्या बालपणाचा चौक सांगतात, आणि ज्याने फोटो टाकला त्याची आठवण मात्र बाजूलाच राहते. म्हणून आधी चौक सोडून पुतळ्याकडे बघावं. तो मारबत आहे की बडग्या, यावर फोटोतून काय कळेल हे ठरतं.

दोघंही एकाच दिवशी, पोळ्याच्या पाडव्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघतात. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" हा घोष दोघांच्याही मागे असतो आणि शेवटी दोघांचंही दहन होतं. त्यामुळे बाहेरगावचा माणूस सगळ्यालाच मारबत म्हणतो. पण मारबत ही बाई आहे. काळी आणि पिवळी अशा दोन मानाच्या मारबती. काळीची परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची सांगतात. पिवळी जागनाथ बुधवारीतली, तेली समाजाची. लोक तिची पूजा करतात, तिला नवस बोलतात. काळीचा संबंध इंग्रजांना सामील झालेल्या भोसले घराण्यातल्या बाकाबाईशी जोडतात. बडग्या हा पुरुषाचा पुतळा, कागद-बांबूचा, आणि तो दर वर्षी नवा असतो. महागाई, भ्रष्टाचार, एखादा पुढारी, त्या वर्षी लोकांना जे सलत असेल ते त्याच्या गळ्यातल्या पाटीवर येतं.

फोटो वाचताना खरा उपयोग इथे होतो. मारबत वर्षानुवर्षं त्याच रूपात येते, म्हणून तिच्यावरून गाव आणि दिवस कळतो, साल कळत नाही. बडग्याच्या पाटीवरून साल कळू शकतं.

समजा, एका काकांनी फोटो टाकला आणि लिहिलं, "२०१५, मी आणि माझा धाकटा भाऊ." पाठीमागे बडग्या आहे. पाटी मोठी करून बघितली तर "नोटबंदी" एवढी अक्षरं लागतात, बाकीचं छत्र्यांआड गेलंय. नोटबंदी जाहीर झाली ८ नोव्हेंबर २०१६ ला. पोळा येतो श्रावण अमावस्येला, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि २०१६ चा पोळा तोवर होऊन गेला होता. तेव्हा हा फोटो लवकरात लवकर २०१७ चा. नंतरचाही असेल, कारण जुना राग लोक पुढच्या वर्षीही काढतात. पाटी "या सालाच्या आधीचा नाही" एवढंच ठामपणे सांगते. मोबाइलमधल्या तारखेवर फार विसंबू नये. फोटो चार जणांकडून फिरून आला की ती बहुधा पोहोचल्याची तारीख असते.

कृष्णधवल फोटोत तर काळी की पिवळी हेही रंगावरून ठरवू नये. छपाईत पिवळा रंग कधी फिका उतरतो, कधी चांगलाच गडद, आणि सावलीत उभी पिवळी सहज काळी वाटते.

आता चौक. जुन्या नागपुरातल्या अरुंद रस्त्यांवर लाकडी सज्जे, लोंबणाऱ्या तारा आणि गच्च्यांवर चढलेली माणसं जिकडेतिकडे सारखीच दिसतात. एमएच ३१ ची गाडी दिसली तर ती नागपूरला नोंदवलेली आहे, एवढंच कळतं. दोन्ही मारबती एकाच फोटोत असतील तर इतवारीतल्या नेहरू पुतळ्याचा तर्क करावासा वाटतो, कारण त्यांची गाठ तिथे पडते. तरी तो तर्कच. गाठ पडण्याची वेळ होती की नंतरची, हे एका फोटोवरून सांगता येत नाही. भरवसा ठेवावा तो दुकानाच्या पाटीवर पत्ता पूर्ण वाचता आला तर. नुसत्या दुकानाच्या नावावर नाही, कारण दुकानं जागा बदलतात आणि शाखाही असतात.

मी त्या काकांना असं लिहीन:

"काका, मागे आहे तो बडग्या, म्हणजे हा पाडव्याचाच दिवस. पाटीवर नोटबंदी दिसतेय, तेव्हा फोटो २०१७ किंवा त्यानंतरचा असावा, एकदा आठवून बघा. चौक मला यावरून सांगता येत नाही. उजवीकडे निळ्या पाटीचं दुकान अर्धं कापलं गेलंय. मूळ फोटो असेल तर तो कडेपर्यंत पूर्ण टाका. आणि तुम्ही घरून कुठून निघालात, भावाला खांद्यावर घेतलं होतं का, ते सांगा."

शेवटचा प्रश्न मी मुद्दाम विचारतो. माणसाला चौकाचं नाव पटकन आठवत नाही, पण कुठल्या गल्लीतून बाहेर पडलो आणि कुणाच्या ओट्यावर उभे राहिलो ते आठवतं. जागा कळायची असेल तर ती बहुतेक त्या ओट्यावरूनच कळते, आणि तो ओटा फक्त काकांनाच ठाऊक असतो.