"हा मी नाही": एआय पोर्ट्रेट करून घेण्यापूर्वी दोन मिनिटे वाचा

तुमच्या फोटोवरून एआयने पोर्ट्रेट केले की आमच्याकडे सर्वांत जास्त येणारी तक्रार असते, "छान आहे, पण हा मी नाही." खोदून विचारले की तिचे दोन भाग निघतात. त्वचा मूळ फोटोपेक्षा उजळ झालेली असते, आणि नाक जरा अरुंद, ओठ जरा पातळ, जबडा जरा निमुळता झालेला असतो. चेहरेपट्टी गोऱ्या ग्राहकांचीही सरकते. पण सावळ्या आणि काळ्या त्वचेच्या ग्राहकांवर दोन्ही गोष्टी एकदम येतात, आणि मग चित्रातला माणूस नात्यातला कोणी वाटतो, आपण स्वतः नाही.

हे का होते आणि आम्ही ते कसे आवरतो, ते या पत्रकात सांगितले आहे. यातला बराच भाग तुम्ही आम्हाला कोणता फोटो देता यावर ठरतो.

तुमचा फोटो यंत्रापर्यंत पोचतो तेव्हा

बहुतेकांची समजूत असते की यंत्र फोटो समोर ठेवून गिरवते. तसे होत नाही. चेहरा जुळवण्याच्या प्रचलित पद्धतींपैकी एकीत तुमचा चेहरा आधी 112 गुणिले 112 ठिपक्यांएवढा लहान केला जातो. मग चेहरा ओळखणारे एक मॉडेल त्याचे 512 आकडे बनवते. चित्र काढणाऱ्या मॉडेलच्या हाती तुमच्या ओळखीचे एवढेच पडते.

आता गंमत अशी, की हे ओळखणारे मॉडेल मुळात वेगळ्या कामासाठी घडवलेले आहे. एकच माणूस उन्हात उभा असो की सावलीत, त्याचे आकडे जवळजवळ सारखेच यायला हवेत, असे त्याला शिकवलेले असते. म्हणजे चेहऱ्यावरचा उजेड-अंधार सोडून द्यायचा, हेच त्याचे शिक्षण. पण सावलीतली गव्हाळ त्वचा आणि उजेडातली काळी त्वचा नुसत्या ठिपक्यांत पाहिली तर फार वेगळी नसते. सुक्याबरोबर ओलेही जळते, तसा उजेडाबरोबर त्वचेचा रंगही बराचसा गळून जातो.

मग जो रंग कळलाच नाही तो मॉडेल कुठून आणते? शिकताना जे चेहरे सर्वाधिक पाहिले, त्यांच्यावरून. याचे सर्वांना दिसलेले उदाहरण 2020 सालचे आहे. धूसर फोटोवरून स्पष्ट चेहरा बनवणाऱ्या पल्स नावाच्या संशोधन-प्रकल्पाला बराक ओबामांचा ठिपक्याठिपक्यांचा फोटो दिला गेला, तर उत्तरात गोरा माणूस आला. फोटोत जे नव्हते ते यंत्राने सवयीने भरले. तुमच्या पोर्ट्रेटमध्येही हेच घडते, फक्त इतके ढळढळीत नाही. नाकाचेही तसेच. 512 आकड्यांत नाकाचा घाट ढोबळ असतो, आणि बाकीचा भाग सरासरीच्या नाकाने भरून निघतो.

करडेपणाकडे ओढ

दुसरे कारण तांत्रिक आहे आणि फारसे कुणी सांगत नाही. ही मॉडेल्स टीव्हीवर मुंग्या दिसाव्यात तशा गोंधळापासून सुरुवात करतात आणि टप्प्याटप्प्याने तो साफ करत चित्रापर्यंत येतात. शिकवताना उलटे केलेले असते, म्हणजे खऱ्या चित्रावर थोडाथोडा गोंधळ चढवत नेतात. स्टेबल डिफ्यूजन या चित्र बनवणाऱ्या प्रसिद्ध मॉडेलच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत एक चूक राहून गेली होती, ती 2023 मध्ये संशोधकांनी नीट मांडली. शिकवताना शेवटच्या टप्प्यावरही चित्र पूर्ण बुडत नव्हते. चित्र एकूण उजळ होते की गडद, याचा पुसट सुगावा मागे उरायचा, आणि मॉडेल त्यावर विसंबायला शिकले. चित्र बनवताना मात्र सुरुवात शुद्ध गोंधळापासून होते, ज्याची सरासरी मधोमध, करडी असते. मॉडेल तोच सुगावा समजते आणि अख्खे चित्र मध्यम उजेडाकडे खेचते.

याचा फटका कुणाला, ते उघड आहे. गडद पार्श्वभूमी, गडद कपडे आणि गडद त्वचेचा जवळून घेतलेला चेहरा, असे चित्र मध्यम होण्यासाठी चेहराच उजळावा लागतो. नंतरच्या अनेक मॉडेल्समध्ये ही चूक सुधारलेली आहे, पण जुन्या पायावर उभी असलेली साधने अजून वापरात आहेत.

शेवटचा "पॉलिश"

तिसरी जागा सर्वांत घातकी, कारण ती नजरेआड असते. चित्र तयार झाल्यावर चेहरा "स्पष्ट" करणारे वेगळे साधन चालवायची प्रथा आहे. `GFPGAN` आणि `CodeFormer` ही त्यांतली परिचित नावे. ही दोन्ही साधने फ्लिकरवरून जमवलेल्या 70,000 चेहऱ्यांच्या संग्रहावर शिकली आहेत. ती पुसट चेहरा नव्याने रचतात, आणि रचताना तीळ, व्रण, डोळ्यांखालची सावली यांना खराबी समजून साफ करतात. काही ॲप्समध्ये हे आपोआप चालते आणि बंद करायची सोयही सहज सापडत नाही. दुसरीकडे चित्र करून घेत असाल तर "चेहरा सुधारणे बंद करून द्या" एवढे जरूर सांगा.

एक काम, पायरीपायरीने

एका ग्राहक बाईंचे पोर्ट्रेट. गडद तपकिरी त्वचा, रुंद नाक, पांढरी कॉलर. आम्ही दोन मोजमापे घेतो. एक म्हणजे गालाचा उजेड, लॅब रंगपद्धतीतला `L` आकडा, ज्यात 0 म्हणजे काळे आणि 100 म्हणजे पांढरे. दुसरे म्हणजे नाकपुड्यांची रुंदी भागिले डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमधले अंतर. मूळ फोटोत गाल 34 आणि गुणोत्तर 1.24 होते. पहिल्या चित्रात गाल 49 आणि गुणोत्तर 1.08 आले.

इथे घाई करायची नसते. नव्या चित्रात दिवाच प्रखर असेल तर गाल उजळणे रास्तच आहे. म्हणून आम्ही कॉलरही मोजली. मूळ फोटोत ती 91 होती, चित्रात 92. उजेड वाढला असता तर कॉलरच्या सावलीतल्या घड्याही उजळल्या असत्या, पण त्याही जागच्या जागी होत्या. फक्त त्वचा उजळली होती, म्हणजे दोष दिव्याचा नव्हता.

आधी चेहरा सुधारणे बंद केले. गाल 45 वर आला आणि गुणोत्तर 1.17 झाले. नाकाचा निम्म्याहून जास्त बिघाड एकट्या पॉलिशने केला होता. मग मॉडेलला दिलेली लेखी सूचना, म्हणजे प्रॉम्प्ट, पाहिला. त्यात `flawless`, `glowing skin`, `beauty lighting` असे शब्द होते. हे शब्द ज्या फोटोंखाली लिहिलेले असतात, त्यांत उजळवलेले चेहरे भरपूर. ते काढून त्वचेचे आणि उजेडाचे वर्णन वेगवेगळे लिहिले:

```
deep brown skin, warm undertone, visible skin texture,
soft window light from left, mid-grey background
```

नुसते `dark` लिहिणे आम्ही टाळतो. मॉडेल त्याचा अर्थ अंधारी खोली असा घेते, आणि मग चेहरा सावलीत जातो किंवा राखेसारखा निर्जीव दिसतो. या बदलाने गाल 42 झाला. बरे, पण पुरेसे नाही. शब्दांनी रंग परत येतो असे सांगणारे बरेच भेटतात, आमचा अनुभव असा आहे की शब्द अर्ध्या वाटेपर्यंतच नेतात.

खरा फरक पडला तो शुद्ध गोंधळापासून सुरुवात करणे सोडल्यावर. मूळ फोटोच खाली ठेवून त्यावर थोडाच गोंधळ चढवला आणि तिथून पुढे चित्र काढले. पडद्यावर या सेटिंगचे नाव `Denoising strength` असते. 1 म्हणजे फोटो पूर्ण बुडवणे, 0 म्हणजे हातही न लावणे. आम्ही 0.4 ठेवले, म्हणजे 30 पायऱ्यांपैकी फक्त शेवटच्या 12 चालल्या. चित्राचा ढोबळ उजेड, रंग आणि चेहऱ्याचा घाट सुरुवातीच्या पायऱ्यांत ठरतो, बारकावे शेवटी. सुरुवातीच्या पायऱ्या वगळल्या की रंग मूळ फोटोचाच राहतो. गाल 36 आणि गुणोत्तर 1.22 झाले.

उरलेला दोनचा फरक हाताने, फक्त त्वचेचा भाग निवडून, उजेड कमी-जास्त करणाऱ्या कर्व्ह या साधनाने काढला. इथे सरसकट गडद करून चालत नाही. गडद त्वचेवर कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालाचे हाड चमकते. ती चमक तशीच ठेवून फक्त मधल्या छटा खाली आणाव्या लागतात, नाहीतर चेहरा काजळी फासल्यासारखा होतो.

या पद्धतीची किंमत अशी, की फोटोतला चेहऱ्याचा कोन आणि उजेडाची दिशा साधारण तीच राहते. समोरून काढलेला फोटो देऊन बाजूने पाहणारे पोर्ट्रेट मागितले तर पुन्हा अंदाजाचा खेळ सुरू होतो. जसा कोन हवा, तसाच फोटो द्या.

आम्हाला काय पाठवाल

चार-पाच फोटो पुरेत, पण कॅमेऱ्याचे ब्यूटी फिल्टर बंद ठेवून काढलेले. अनेक फोनमध्ये ते आधीपासूनच चालू असते, आणि मग आमच्याकडे येणारा मूळ फोटोच उजळ केलेला असतो. फोटो हात लांब करून सेल्फी न घेता दीड मीटरवरून दुसऱ्याकडून काढून घ्या. जवळून काढल्यास नाक खऱ्यापेक्षा रुंद येते, मग चित्रात ते अरुंद झाले की यंत्राची चूक झाली की कॅमेऱ्याची, हे ठरवता येत नाही. खिडकीशेजारचा मऊ उजेड उत्तम. एका फोटोत हनुवटीजवळ साधा पांढरा कागद धरा, वरच्या उदाहरणात कॉलरने जे काम केले ते तो करेल. मेसेजवरून फॉरवर्ड केलेली प्रत नको, मूळ फाइल द्या.

तीळ, व्रण, पांढरे केस यांतले काय राखायचे आणि काय नको, ते एका ओळीत लिहून द्या. न लिहिल्यास आम्ही सगळे राखतो.

जे आम्ही करत नाही

गटफोटोतला लहानसा चेहरा मोठा करून पोर्ट्रेट बनवण्याचे काम आम्ही घेत नाही. स्टेबल डिफ्यूजनसारखी मॉडेल्स आतून चित्र आठपट आकसून त्यावर काम करतात. चेहरा 64 ठिपके रुंद असेल तर आत त्याला जेमतेम 8 घरे मिळतात. आठ घरांत कुणाचेही नाक मावत नाही, जे येईल ते दुसऱ्याचेच असेल.

नमुना तपासताना

आम्ही मूळ फोटो आणि चित्र शेजारी-शेजारी पाठवतो, डोळ्यांच्या बाहुल्या एका रेषेत जुळवून. फोनचा रात्रीचा पिवळा मोड आणि आपोआप बदलणारा उजेड बंद करून पाहा. एकाच जागी दोन्ही चित्रे आळीपाळीने उघडझाप केली तर सरकलेला भाग लगेच डोळ्यात भरतो. आणि घरातल्या एखाद्याला मूळ फोटो न दाखवता फक्त चित्र दाखवा. त्यांनी "कोण आहे हे?" असे विचारले, तर काम परत पाठवा. दुरुस्तीचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.