मेमरी इंटिग्रिटी आणि जुने ड्रायव्हर

मेमरी इंटिग्रिटी : विंडोज या संचालन प्रणालीतील एक सुरक्षा-व्यवस्था. कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या सर्वाधिकारी गाभ्यात, कोणता कोड चालू द्यायचा याचा निवाडा ती खुद्द कर्नलकडून काढून घेते आणि कर्नलच्याही खाली चालणाऱ्या हायपरवायझर या नियंत्रकाच्या आश्रयाने चालणाऱ्या एका वेगळ्या कक्षाकडे सोपवते. तिची कळ Windows Security मधील Device security या पानावर Core isolation या शीर्षकाखाली असते. त्यामुळे बोलण्यात ‘कोअर आयसोलेशन’ आणि ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही नावे एकमेकांच्या जागी वापरली जातात. नेमके पाहिले तर पहिले नाव वाड्याचे आणि दुसरे त्यातल्या एका खोलीचे. जुना ड्रायव्हर, म्हणजे कर्नलमध्ये चालणारा साहाय्यक प्रोग्रॅम, अडवला गेल्यामुळे गेम सुरू न होणे किंवा मध्येच बंद पडणे, एवढ्याच अंगाचा विचार या नोंदीत केला आहे.

नाव आणि काळ. या व्यवस्थेचा आरंभ केव्हाचा मानावा याबाबत एकवाक्यता नाही. मायक्रोसॉफ्टच्या तांत्रिक लेखनात तिला एचव्हीसीआय म्हणतात. २०१५ मध्ये विंडोज १० सोबत ती ‘डिव्हाइस गार्ड’ या संचाचा भाग म्हणून आली, तेव्हा तिचा रोख मोठ्या संस्थांच्या संगणकांवर होता. घरगुती संगणकावर सध्याच्या नावाची कळ दिसू लागली ती एप्रिल २०१८ च्या सुमारास, विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीत. म्हणून बरेच लेखक २०१८ हेच जन्मवर्ष धरतात. यंत्रणा तीच असल्याने २०१५ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते. गेम खेळणाऱ्याच्या दृष्टीने मात्र या दोहोंपेक्षा २०२१ महत्त्वाचे आहे. विंडोज ११ कोरे बसवले आणि हार्डवेअर पात्र असले, तर तेव्हापासून ही कळ आपोआप चालू असते. आधीच्या विंडोजवरून अद्ययावत करून आलेल्या संगणकांत तसे सरसकट होत नाही. एकच गेम एकाच्या जुन्या पीसीवर चालतो आणि दुसऱ्याच्या नव्या लॅपटॉपवर अडतो, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

जुना ड्रायव्हर का अडतो. मेमरीचे वाटप ४,०९६ बाइटच्या पानांनी होते आणि लिहिण्याची किंवा चालवण्याची परवानगी पूर्ण पानाला मिळते. मेमरी इंटिग्रिटीचा मुख्य नियम असा, की कर्नलमधील कोणतेही पान एकाच वेळी लिहिण्याजोगे आणि चालवण्याजोगे असता कामा नये. शिवाय चालवण्याची परवानगी कोडची डिजिटल सही सुरक्षित कक्षात तपासून झाल्यावरच मिळते. या परवानग्यांची अंतिम नोंदवही हायपरवायझरच्या ताब्यात असल्याने कर्नलमध्ये शिरलेला ड्रायव्हरही तिच्यात खाडाखोड करू शकत नाही.

जुन्या ड्रायव्हरांपैकी पुष्कळांची बांधणी या नियमाआधीची आहे. काहींच्या फाइलमधील कोडचा आणि माहितीचा विभाग पानाच्या सीमेवर सुरू होत नाही. दोन्ही विभाग एकाच पानात आले, की त्या पानाला दोन्ही परवानग्या हव्या होतात आणि नेमके तेच निषिद्ध आहे. काही ड्रायव्हर कामापुरती मेमरी मागताना सवयीने चालवण्याजोगी मेमरी मागतात. विंडोज ८ पासून न चालवण्याजोगा पर्याय उपलब्ध झाला; त्याआधीच्या कोडमध्ये तो असणे शक्यच नव्हते. काही थोडे ड्रायव्हर, विशेषतः गेमची नक्कल आणि फसवणूक रोखणारे, चालता चालता स्वतःचा कोड बदलतात. पहिल्या प्रकारातला ड्रायव्हर लोड होतानाच नाकारला जातो. उरलेल्या दोन प्रकारांतला प्रसंगी लोड होतो आणि मग नियम मोडताच संपूर्ण प्रणाली थांबून निळा पडदा येतो. ‘सुरू होत नाही’ आणि ‘मध्येच कोसळतो’ या दोन तक्रारींमागे बहुधा हाच फरक असतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पहिल्या दोन प्रकारांतल्या ड्रायव्हरांत कसलाही खोटेपणा नसतो. ते त्यांच्या काळच्या रीतीने प्रामाणिकपणे लिहिलेले असतात आणि निर्मात्याने ते पुन्हा बांधले नाहीत, एवढाच त्यांचा दोष.

दुसरा दरवाजा : धोकादायक ड्रायव्हरांची यादी. त्याच पानावर Microsoft Vulnerable Driver Blocklist ही निराळी कळ असते. तिचा निकष बांधणीचा नसून इतिहासाचा आहे. ज्यातील त्रुटीचा हल्लेखोरांनी फायदा घेतला किंवा घेऊ शकतील, असे ड्रायव्हर नावानिशी या यादीत असतात. विंडोज ११ च्या २०२२ च्या अद्यतनापासून ही यादी सर्व संगणकांवर मुळातच लागू आहे. मेमरी इंटिग्रिटी चालू असेल तर ही यादीही लागू राहते. उलटपक्षी मेमरी इंटिग्रिटी बंद केली तरी यादी आपोआप उठत नाही. ‘कोअर आयसोलेशन बंद करा’ हा सल्ला कित्येकदा निष्फळ ठरतो तो यामुळे.

यादी प्रत्यक्षात केव्हापासून प्रभावी झाली, हा वादाचा मुद्दा आहे. ती अद्ययावत ठेवली जाते असे कंपनीचे म्हणणे होते. परंतु २०२२ मध्ये सुरक्षा-संशोधक विल डॉर्मन यांनी दाखवून दिले, की यादीत असलेला WinRing0 हा ड्रायव्हर मेमरी इंटिग्रिटी चालू असतानाही लोड होतो आणि विंडोज १० मधील यादी २०१९ पासून बदललेलीच नाही. त्यानंतर कंपनीने दुरुस्ती केली. डॉर्मन यांचे निरीक्षण कुणालाही पडताळून पाहता येण्याजोगे होते, म्हणून २०२२ पूर्वीच्या अडवणुकी यादीच्या खात्यावर टाकताना सावधगिरी बाळगावी.

गेमशी थेट संबंधित दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या गेमचा mhyprot2.sys हा अँटी-चीट, म्हणजे खेळातील फसवणूक रोखणारा, ड्रायव्हर खंडणीखोरांनी गेम नसलेल्या संगणकांवर आणून वापरल्याचे ऑगस्ट २०२२ मध्ये उघड झाले. दुसरे उदाहरण त्याआधीचे असून तपशिलाने पाहण्यासारखे आहे.

Capcom.sys. सप्टेंबर २०१६ मध्ये ‘स्ट्रीट फायटर ५’ च्या पीसी आवृत्तीला आलेल्या अद्यतनाबरोबर हा ड्रायव्हर आला. गेममधील चलन फसवणुकीने मिळवणाऱ्यांना रोखणे हा हेतू होता. गेम सुरू करताना प्रशासकाची परवानगी मागणारी खिडकी येऊ लागली, तेव्हा खेळाडूंना संशय आला. साध्या प्रोग्रॅमने दिलेला कोड कर्नलच्या अधिकाराने चालवू नये म्हणून प्रोसेसरमध्ये एसएमईपी नावाची अडसर असते. हा ड्रायव्हर कोणत्याही प्रोग्रॅमने दिलेला पत्ता स्वीकारून ती अडसर क्षणभर काढी, तेथील कोड कर्नलच्या अधिकाराने चालवी आणि अडसर परत लावी. सही रीतसर असल्याने विंडोजला त्यात वावगे दिसत नव्हते. ओरड होताच कंपनीने ते अद्यतन मागे घेतले, पण सही केलेली फाइल जगभर पोचली होती.

मेमरी इंटिग्रिटीखाली ही युक्ती यादीविनाच फसते. अडसर काढली तरी प्रोग्रॅमचे ते पान कर्नलच्या अधिकाराने चालवण्याची परवानगी हायपरवायझरच्या वहीत नसते. साधा प्रोग्रॅम आणि कर्नल यांच्या चालवण्याच्या परवानग्यांत असा फरक करण्याची सोय इंटेलच्या सातव्या पिढीपासून आणि एएमडीच्या झेन २ पासून प्रोसेसरमध्येच आहे. त्याआधीच्या प्रोसेसरांवर तिची नक्कल करावी लागते आणि गेमचा वेग अधिक घटतो.

ओळख. कोणत्या दरवाजाने अडवले हे अंदाजाने ठरवू नये, कारण विंडोज त्याची नोंद ठेवते. गेम सुरू करून तो अडू द्यावा आणि लगेच पॉवरशेल प्रशासक म्हणून उघडून पुढील आज्ञा द्यावी.

```
Get-WinEvent -FilterHashtable @{LogName='Microsoft-Windows-CodeIntegrity/Operational'; Id=3077,3087} -MaxEvents 20 | Format-List TimeCreated, Id, Message
```

नुकत्याच घडलेल्या घटनेचा क्रमांक 3087 असेल, तर ड्रायव्हर मेमरी इंटिग्रिटीशी विसंगत आहे. तो 3077 असून संदेशात d2bda982 ने सुरू होणारा पॉलिसी क्रमांक असेल, तर अडवणूक यादीने केली आहे. दोन्ही वेळा फाइलचा मार्ग संदेशातच मिळतो. काहीच नोंद नसेल तर कारण अन्यत्र शोधावे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत ‘इझी अँटी-चीट’ च्या काही जुन्या प्रतींमुळे येणारा निळा पडदा ठरावीक इंटेल संगणकांपुरता होता. या कळीवर त्याचे खापर फोडणे बरोबर नाही.

फाइल कळल्यावर प्रथम गेमचे किंवा त्याच्या अँटी-चीटचे नवे रूप बसवावे. अँटी-चीट ड्रायव्हर पुष्कळदा सेवा म्हणून नोंदलेले असतात, त्यामुळे ते `pnputil` या विंडोजच्या ड्रायव्हर-व्यवस्थापन आज्ञेच्या यादीत सापडत नाहीत. गेमच्याच फोल्डरमधील त्यांचा विस्थापक वापरावा लागतो. 3087 आलेला असून नवे रूप निघालेलेच नसेल, तरच मेमरी इंटिग्रिटी बंद करून संगणक पुन्हा सुरू करावा आणि खेळून झाल्यावर ती परत चालू करावी. वेगासाठी असे तात्पुरते बंद करण्याची मुभा मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शनातही आहे. 3077 असेल तर यादी बंद करण्याचा मोह टाळावा, कारण त्या फाइलमधील छिद्र सर्वांना माहीत झालेले असते.

उलट दिशा. काही स्पर्धात्मक गेम आता मेमरी इंटिग्रिटी चालू असण्याचीच अट घालतात. कळ हाताने चालू करताना विंडोज आधी ड्रायव्हर तपासते आणि विसंगत फाइल सापडल्यास कळ हलतच नाही. अशा विसंगत फाइलींत वारंवार दिसणारे नाव म्हणजे wdcsam64_prewin8.sys. हा वेस्टर्न डिजिटलच्या बाहेरील डिस्कबरोबर येणारा साहाय्यक ड्रायव्हर असून त्याचे वय नावातच लिहिलेले आहे. डिस्कवरील फाइली उघडायला त्याची गरज नसते, म्हणून तो निर्धास्त काढता येतो. तपासणीच्या पडद्यावर त्याच्यापुढे oem ने सुरू होणारे नाव दिसते. ते १२ क्रमांकाचे असल्यास, प्रशासक म्हणून उघडलेल्या पॉवरशेलमध्ये :

```
pnputil /delete-driver oem12.inf /uninstall
```

क्रमांक प्रत्येक संगणकावर वेगळा असतो. तो न पाहता दुसऱ्याची आज्ञा तशीच उतरवली, तर भलताच ड्रायव्हर जातो.

याच पानावरील Kernel-mode Hardware-enforced Stack Protection ही २०२३ मध्ये दिसू लागलेली कळही आरंभी अनेक अँटी-चीट ड्रायव्हरांशी जुळत नव्हती. तिला मेमरी इंटिग्रिटी चालू असावी लागते, पण ती एकटी बंद करता येते.

वेगळे प्रकरण. सीडीवरील ‘सेफडिस्क’ संरक्षण असलेले, साधारण २००० च्या आसपासचे गेम विंडोज १० पासून चालत नाहीत, ते secdrv.sys हा ड्रायव्हर प्रणालीतूनच वगळल्यामुळे. मेमरी इंटिग्रिटी बंद केल्याने त्यांत फरक पडत नाही. त्या गेमची संरक्षण काढून पुन्हा प्रकाशित झालेली प्रत असल्यास ती मिळवणे, हाच सरळ मार्ग आहे.