‘७२ तासांची गोळी’ म्हणजे पाडायची गोळी नव्हे

मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून मला बरीच वर्षं झाली. कुणी आवाज खाली करून “ताई, ती गोळी द्या” म्हणालं की मी आधी विचारते, “कधी झालं?” मध्यंतरी एका मुलाने सांगितलं, “पाळी चुकून दहा दिवस झालेत.” मागत होता ७२ तासांची गोळी. त्याच आठवड्यात एक बाई आल्या. आदल्या रात्री निरोध फाटला होता, वेळेत आल्या होत्या. पण पाकीट हातात घेऊन त्यांनी परत ठेवलं. म्हणाल्या, “जीव पाडल्याचं पाप नको.” एकाला पाडायची गोळी हवी होती आणि मागितली दुसरीच. बाईंना हवी होती तीच समोर होती, पण तिला त्या पाडायची समजत होत्या.

गर्भपाताच्या गोळ्या बहुतेकांना ऐकून माहीत असतात, म्हणून थोडक्यात. किटमध्ये मिफेप्रिस्टोनची एक आणि मिसोप्रोस्टॉलच्या चार गोळ्या असतात. गर्भ राहिल्यानंतर, सुरुवातीच्या आठवड्यांत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायच्या. चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि मी देतही नाही. ७२ तासांची, म्हणजेच तातडीची गोळी गर्भ राहूच नये म्हणून संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची. ती म्हणजे लेव्होनॉरजेस्ट्रेल, दीड मिलिग्रॅमची एकच गोळी, आणि ती चिठ्ठीशिवाय मिळते. नावांचा घोळ मात्र कंपन्यांनीच घालून ठेवलाय. एकाच नावाची दोन पाकिटं, एकाच्या शेपटीला ‘७२’, दुसऱ्याच्या शेपटीला ‘किट’. असं नाव ठेवणाऱ्याला आठवडाभर माझ्या काउंटरवर उभं करावं असं फार वाटतं.

आता खरी गोम. दोन्ही गोळ्या ‘हार्मोनच्या’ असतात, म्हणून लोकांना वाटतं एक कमी ताकदीची आणि दुसरी जास्त ताकदीची. प्रत्यक्षात दोघींची कामं एकमेकींच्या विरुद्ध आहेत.

गर्भ टिकवणारं संप्रेरक म्हणजे प्रोजेस्टेरॉन. ते गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवतं. गणपतीत पाळी येऊ नये म्हणून बायका आमच्याकडून ज्या गोळ्या नेतात, त्या याच घराण्यातल्या. गोळी चालू आहे तोवर अस्तर टिकतं, बंद केली की दोन-चार दिवसांत पाळी येते. गरोदरपणात रक्त दिसू लागलं तर गर्भ टिकावा म्हणून डॉक्टर कधी कधी प्रोजेस्टेरॉनच लिहून देतात. लेव्होनॉरजेस्ट्रेल, म्हणजे आपली ७२ तासांची गोळी, याच प्रोजेस्टेरॉनची चुलत बहीण. टिकवणाऱ्यांच्या घरातली गोळी पाडेल कशी?

मिफेप्रिस्टोन करतं ते वेगळंच. एसटीत चढायच्या आधी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं ते प्रोजेस्टेरॉनच्या जागेवर रुमाल टाकतं. प्रोजेस्टेरॉन येतं, पण बसायला जागाच नसते. आधार गेल्याने अस्तर सुटू लागतं. मग एक-दोन दिवसांनी घेतलेलं मिसोप्रोस्टॉल गर्भाशयाला कळा आणतं आणि आतलं बाहेर पडतं.

मग तातडीची गोळी करते काय? बीज सुटण्याआधी मेंदूखालच्या ग्रंथीतून एलएच नावाचं संप्रेरक एकदम उसळतं, आणि त्या इशाऱ्यानंतर साधारण दीड दिवसात बीजकोशातून बीज सुटतं. गोळी ती उसळी अडवते किंवा लांबवते. तिचं काम एवढंच.

उदाहरण घेऊ. पाळी १ तारखेला आली, चक्र २८ दिवसांचं, म्हणजे बीज साधारण १४ तारखेला सुटणार. १० च्या रात्री निरोध फाटला, ११ ला सकाळी गोळी घेतली. शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात, म्हणजे १५ पर्यंत ते ताटकळत बसलेले असू शकतात. गोळीने उसळी अडवली, बीज पुढे ढकललं गेलं, आणि ते सुटेपर्यंत शुक्राणू संपले. काम फत्ते.

आता तेच १३ च्या रात्री झालं आणि १४ ला सकाळी गोळी घेतली, असं समजा. बारा तासही उलटलेले नाहीत. पण उसळी आधीच येऊन गेलेली असू शकते. इशारा सुटल्यावर गोळीच्या हातात काही उरत नाही, आणि गर्भ राहिला तर राहिला. बीज सुटल्यानंतर ही गोळी घेतलेल्या बायकांचे अभ्यास झालेत. त्यांच्यात दिवस राहण्याचं प्रमाण गोळी न घेता जेवढं असतं जवळपास तेवढंच निघालं. गोळी पाडणारी असती, तर तिने इथेही काम केलं असतं. आणि राहिलेल्या गर्भाला या गोळीने अपाय होतो असंही आढळलेलं नाही.

‘फळलेलं बीज गर्भाशयात रुजू देत नाही’ हा समज मात्र निव्वळ गावगप्पांतून आलेला नाही. अमेरिकेत या गोळीच्या पाकिटावरच तशी शक्यता वर्षानुवर्षं छापलेली होती. पुरावे पाहून तिथल्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२२ मध्ये ती ओळ काढायला मंजुरी दिली. आपल्याकडचे फॉरवर्ड अजून जुन्याच ओळीवर चाललेत.

७२ हा आकडाही नीट समजून घ्या. तिसऱ्या दिवसापर्यंत निवांत राहायची ती मुदत नव्हे. उसळीच्या आधी पोचायची शर्यत आहे, म्हणून आज रात्रीची गोळी उद्या सकाळच्या गोळीपेक्षा बरी. उशीर झाला असेल तर पाच दिवसांच्या आत डॉक्टरांकडून तांबी बसवून घेता येते. ती या गोळीपेक्षा कितीतरी खात्रीची आहे. हे सांगितलं की बहुतेक जणी नाक मुरडतात, पण माझं मत विचाराल तर मी तांबीच सांगेन.

ज्या चुकीने मला सर्वांत जास्त वैताग येतो ती ही. गोळी घेतली की उरलेला महिना मोकळा, असं लोक धरून चालतात. पण गोळीने बीज पुढे ढकललंय, रद्द केलेलं नाही! वरच्या पहिल्या उदाहरणातल्या जोडप्याने १६ तारखेला काही न वापरता संबंध ठेवला, तर लांबलेलं बीज नेमकं तेव्हाच सुटू शकतं. मग दोघं येतात आणि म्हणतात, “गोळी डुप्लिकेट होती.” गोळी चांगलीच होती. पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरायला हवा होता.

बाकी बारीकसारीक. घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर गोळी पुन्हा घ्यावी लागते. क्षयाचं औषध चालू असेल तर आधी सांगा, कारण रिफॅम्पिसिनमुळे हिचा असर कमी होतो. वांझपण येतं ही निव्वळ थाप. नंतर थोडं रक्त दिसलं तर ‘पाडलं’ म्हणून घाबरायचं नाही आणि ‘सुटलो’ म्हणून निर्धास्तही व्हायचं नाही, त्या ठिपक्यांवरून काहीच कळत नाही. पाळी आठवडाभर मागेपुढे होऊ शकते. त्याहून लांबली, किंवा संबंधाला तीन आठवडे झाले, की लघवीची चाचणी करायची.

त्या मुलाला मी गोळी दिली नाही. चाचणीची पट्टी दिली आणि मैत्रिणीला घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा म्हणून सांगितलं. “पण ताई, दोन गोळ्या घेतल्या तर?” त्याने जाता जाता विचारलंच.